शेजारणीचा हप्ता आपण का भरायचा? गटकर्ज आणि एकमेकींच्या जामिनकीची गोष्ट

शाळेतल्या पालकसभेनंतर एक आई थांबून राहिल्या. मुलाच्या अभ्यासाबद्दल विचारतील असं आम्हाला वाटलं. पण त्यांनी पिशवीतून एक लोन कार्ड काढलं आणि म्हणाल्या, "सर, माझा हप्ता मी एक दिवस चुकवला नाही. तरी काल मला दोन तास बसवून ठेवलं. गटातली एक बाई आली नव्हती. तिचे पैसे आम्ही चौघींनी भरले तेव्हा कुठे सोडलं. मी कर्ज घेतलं माझं, मग तिचं मी का भरायचं?"

प्रश्न सरळ होता, पण उत्तर एका वाक्यात देता येईना. आम्ही कार्ड उलटून पाहिलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की गटातील सर्व सदस्य परस्परांच्या परतफेडीस जबाबदार राहतील. खाली त्यांची सही होती. सही करताना कोणी वाचून दाखवलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. त्या दिवशी जे सांगायचं राहून गेलं, ते इथे नीट सांगतो. आपल्या मोहल्ल्यांमध्ये असे गट गल्लोगल्ली आहेत, आणि सही करण्याआधी ही गोष्ट समजलेली बरी.

बँक तारण का मागते?

बँकेत कर्ज मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, तारण काय? घराचा उतारा, सोनं, पगाराची स्लिप. हे मागण्यामागे बँकेच्या तीन अडचणी असतात. पहिली, समोरचा माणूस कसा आहे हे तिला माहीत नसतं. दुसरी, पैसे घेऊन तो धंदाच करेल की लग्नात उडवेल हे तिला दिसत नसतं. आणि तिसरी, पैसे हातात असूनही त्याने नाही म्हटलं तर काय करायचं? दहा हजारांसाठी कोर्टात जाणं बँकेला परवडत नाही. तारण ठेवलं की तिन्ही अडचणी एकदम मिटतात. ज्याचं सोनं तिजोरीत आहे, तो स्वतःच जपून वागतो.

आता ज्या बाईकडे भाड्याची खोली आणि शिलाई मशीन एवढंच आहे, तिने काय तारण ठेवायचं? म्हणून ती सावकाराकडे जाते. सावकार त्याच गल्लीतला असतो. त्याला सगळ्यांची खबर असते, म्हणून तो तारणाशिवायही देतो, पण मनाला येईल तो दर लावतो.

म्हणजे बँकेकडे पैसा आहे पण माहिती नाही, आणि गल्लीकडे माहिती आहे पण पैसा नाही. गटकर्जाची सगळी कल्पना या दोन टोकांना जोडण्याची आहे. गल्लीला जी माहिती आहे, तीच तारण म्हणून वापरायची.

जोबरा गावातली सुरुवात

ही कल्पना जगभर गेली ती बांगलादेशातून. चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे मुहम्मद युनुस 1976 मध्ये शेजारच्या जोबरा गावात फिरत होते. तिथे बांबूची मोडे विणणाऱ्या बायका व्यापाऱ्याकडून उधार माल घेत आणि विणलेलं मोडं त्यालाच, तो म्हणेल त्या भावात देत. गावातली अशी माणसं मोजली तर 42 निघाली, आणि सगळ्यांची मिळून गरज होती 856 टाका. युनुस यांनी ते खिशातून दिले. मग ते बँकेत गेले. बँक म्हणाली, यांच्याकडे तारण नाही, देता येणार नाही. शेवटी युनुस स्वतः जामीन राहिले, तेव्हा कर्ज मिळालं.

म्हणजे पहिला जामीन एक प्राध्यापक होता. पण एक माणूस किती जणांना जामीन राहणार? म्हणून पुढे नियम झाला की कर्ज घेणाऱ्यांनीच एकमेकांना धरून राहायचं. 1983 मध्ये याच कामाची ग्रामीण बँक झाली, आणि 2006 मध्ये युनुस आणि बँक दोघांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं.

ग्रामीण बँकेची जुनी पद्धत अशी होती. पाच बायकांनी आपापला गट स्वतः जमवायचा, बँक जमवून देणार नाही. पाचही एकाच वस्तीतल्या, साधारण सारख्या परिस्थितीच्या, पण जवळच्या नात्यातल्या नकोत. असे सात-आठ गट मिळून एक केंद्र. दर आठवड्याला ठरल्या दिवशी केंद्रात जमायचं आणि हप्ता सगळ्यांसमोर मोजायचा. कर्जही पाचही जणींना एकदम मिळत नसे. आधी दोघींना. त्यांचे काही आठवडे हप्ते नीट आले की पुढच्या दोघींना. गटाच्या प्रमुखीला सगळ्यात शेवटी.

हा शेवटचा नियम आम्हाला फार हुशारीचा वाटतो. आपल्याकडे भिशी लावतात तेव्हा पहिला नंबर कोणाला द्यायचा याची चर्चा होते ना? कारण पहिली रक्कम उचलून कोणी गायब झालं तर बाकीचे बुडतात. इथे तेच उलटं वापरलं आहे. ज्यांना अजून मिळालेलं नाही, त्या आपोआप पहिल्या दोघींवर लक्ष ठेवतात. आणि प्रमुखी सगळ्यात जास्त लक्ष ठेवते, कारण तिचा नंबर शेवटचा.

चांगली बाई चांगल्या बाईलाच का निवडते?

तारणाचं पहिलं काम म्हणजे माणूस पारखणं. ते गट कसं करतो, हे एका छोट्या हिशोबाने पाहू. आकडे आमचे, फक्त समजण्यासाठी.

समजा गट दोघींचाच आहे. नियम असा की एकीचं बुडलं आणि दुसरीकडे पैसे असले, तर तिने चार हजार जास्तीचे भरायचे. मोहल्ल्यात दोन प्रकारच्या बायका आहेत. सांभाळून धंदा करणारीचं शंभरात पाच वेळा बुडतं. धोका पत्करणारीचं शंभरात पंचवीस वेळा. बँकेला दोघी सारख्याच दिसतात, पण गल्लीला फरक ठाऊक आहे.

जोडीदारीण सांभाळणारी असेल, तर शंभरात पाच वेळा चार हजार, म्हणजे सरासरी दोनशे रुपयांचा भार. ती धोक्याची असेल तर शंभरात पंचवीस वेळा, म्हणजे सरासरी हजाराचा. फरक आठशेचा. म्हणून सांभाळणारी बाई म्हणेल, मला माझ्यासारखीच हवी.

पण धोक्याची बाईसुद्धा सांभाळणारीच शोधेल की! ती म्हणेल, "आपा, मला तुमच्यात घ्या, वरचे पैसे मी देते." हे जमेल का? नाही जमत, आणि याचं कारण गमतीचं आहे. दुसरीचं भरायची वेळ तिच्यावर तेव्हाच येते जेव्हा तिच्या स्वतःच्या हातात पैसे असतात, आणि ते शंभरात पंचाहत्तर वेळाच असतात. म्हणून चांगल्या जोडीदारणीची तिला किंमत आठशेच्या पंचाहत्तर टक्के, म्हणजे सहाशे. उलट सांभाळणारीच्या हातात शंभरात पंच्याण्णव वेळा पैसे असतात, म्हणून तिचं नुकसान सातशे साठ. सहाशे देऊन सातशे साठचं नुकसान भरून निघत नाही. शेवटी सांभाळणाऱ्या सांभाळणाऱ्यांबरोबर जातात आणि धोक्याच्या उरलेल्या आपसात.

बँकेने कोणालाही काही विचारलं नाही, तरी पारख झाली. पण यात एक अट आहे. गट बायकांनी स्वतः निवडलेला हवा. हल्ली काही ठिकाणी एजंट येतो आणि आधार कार्डं गोळा करून जी भेटेल तिला गटात घालतो. ज्या बाईला आपण ओळखतच नाही तिची जामीन होणं म्हणजे पारख न करता तारण ठेवणं. अशा गटात जबाबदारी पूर्ण असते, पण ती ज्या माहितीवर उभी राहायला हवी ती माहिती नसते.

पाच जणींचा एक गट, तीन प्रसंग

आता पाच जणींचा गट डोळ्यांसमोर आणू. एक शिलाई आणि पिको-फॉल करते, एक बांगड्या विकते, एक भाजीची हातगाडी लावते, एक पापड लाटते आणि एकीने कोंबड्या पाळल्या आहेत. प्रत्येकीला दहा हजार रुपये मिळाले. परतफेड पन्नास आठवडे, दर आठवड्याला 220 रुपये. एकूण अकरा हजार.

इथेच थोडं थांबू. दहा हजारांवर हजार म्हणजे व्याज दहा टक्के, असं वाटतं. तसं नाही. दहा हजार वर्षभर आपल्याकडे राहिलेच नाहीत. दर आठवड्याला थोडे परत गेले, म्हणजे सरासरी पाच हजारांच्या आसपासच आपल्याकडे होते. म्हणून खरा दर वीस टक्क्यांच्या जवळ पडतो. कोणी सपाट दर सांगितला की साधारण दुप्पट करून पाहावं.

पहिला प्रसंग. विसाव्या आठवड्यात मानमोडी आली आणि कोंबड्या गेल्या. सहा आठवडे तिच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत. बाकी चौघींनी आठवड्याला 55 रुपये जास्त भरले. सहा आठवड्यांत प्रत्येकीचे 330 रुपये गेले. त्यांनी का भरले? एक तर गट थकला की पुढचं पंधरा हजारांचं कर्ज पाचही जणींचं अडतं. आणि दुसरं, रोग खरंच आला होता हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे तिने शिलाईचं काम करून ते पैसे हळूहळू परत केले. इथे गटाने तारणाचं काम केलंच, वर विम्याचंही केलं.

दुसरा प्रसंग. समजा कोंबड्या आणल्याच नाहीत आणि दहा हजार नणंदेच्या लग्नात गेले. बँकेला हे कधी कळलं असतं? हप्ता थकल्यावर. गटाला दुसऱ्या आठवड्यातच कळतं, कारण अंगणात खुराडं नाही. मग बांगडीवाली विचारते, "काय गं, कोंबड्या कुठे आहेत?" हे विचारण्याचा तिला हक्क आहे, कारण उद्या भरायचं तिलाच आहे. पैसा कुठे जातो यावर लक्ष ठेवणं हे तारणाचं दुसरं काम, ते असं फुकटात होतं.

तिसरा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा. तिसाव्या आठवड्यात नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. बांगड्या, भाजी, पापड, तिन्ही धंदे बंद. शिलाईवाली आणि कोंबड्यांवाली, दोघींचंच चालू आहे. तिघींचे हप्ते 660 रुपये, भरायला दोघी, म्हणजे प्रत्येकीवर 330 जास्तीचे. स्वतःचे 220 धरून आठवड्याला 550. वीस आठवडे बाकी आहेत, म्हणजे जास्तीचे 6,600 रुपये.

आता शिलाईवाली रात्री बसून हिशोब करते. गट टिकला तर पुढचं कर्ज मिळेल, त्यातून वर्षाला समजा चार हजार सुटतील. त्यासाठी आज 6,600 दुसऱ्यांचे भरायचे? आणि नाही भरले तर पुढचं कर्ज तसंही जाणारच. मग मी माझे 220 तरी का भरू? ती भरणं थांबवते. कोंबड्यांवालीही थांबते. बुडालेल्या तिघी होत्या, थकल्या पाचही.

कर्ज ज्याचं त्याचं असतं तर या दोघींनी आपले 220 भरले असते. म्हणजे एकमेकींची जामिनकी जशी गट वाचवते तशीच तो बुडवतेही. एकीवर आलेलं संकट चौघी झेलतात. पण सगळ्यांवर एकदम आलेलं संकट, म्हणजे पूर, यंत्रमाग बंद पडणं, लॉकडाऊन, हे गट झेलू शकत नाही. बांगलादेशात 1998 च्या महापुरानंतर ग्रामीण बँकेची वसुली अशीच ढासळली. म्हणून गटात सगळ्यांचा धंदा एकच नसावा. आणि जवळच्या नात्यातल्या नकोत हा नियमही काही अंशी याचसाठी आहे. सासू, सून आणि जाऊ एकाच घरातल्या असतील तर त्या घरावर संकट आलं की तिघींचे हप्ते एकदम थांबतात.

जेव्हा दबाव जामिनकीची जागा घेतो

तारणाचं तिसरं काम म्हणजे पैसे असूनही नाही म्हणणाऱ्याकडून वसूल करणं. गटात हे शरमेने होतं. ज्या बायकांबरोबर नळावर पाणी भरतो, त्यांच्यासमोर मान खाली घालायला लागू नये, एवढी भीती पुरते. पण ही धार दोन्हीकडून कापते.

2010 साली अविभक्त आंध्र प्रदेशात काय झालं ते आठवून पाहावं. तिथे कंपन्या झपाट्याने वाढल्या होत्या आणि एकाच बाईला तीन-तीन, चार-चार कंपन्यांनी कर्ज दिलं होतं. एकीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज. आता शेजारणीला हे कळायला हवं होतं, पण शेजारीणही त्याच चक्रात होती. वसुलीसाठी कंपनीचा माणूस फक्त स्वतः दमदाटी करून थांबत नसे. तो गटालाच बसवून ठेवी आणि गट जाऊन बाईच्या दारात उभा राही. आत्महत्यांच्या बातम्या आल्या. ऑक्टोबर 2010 मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि राज्यातली परतफेड जवळजवळ थांबली. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनीही भरले नाहीत. वरचा तिसरा प्रसंग, पण अख्ख्या राज्याचा.

त्यानंतर रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली आणि जानेवारी 2011 मध्ये तिचा अहवाल आला. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांसाठी वेगळे नियम झाले, आणि 2022 मध्ये ते नव्याने बांधले गेले.

जामिनकी काढून टाकली तर?

मग प्रश्न पडतो, दुसरीचं भरण्याची सक्ती नसेल तर लोक फेडणारच नाहीत का? फिलिपाइन्समध्ये हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. तिथल्या एका ग्रामीण बँकेने झेवियर जिने आणि डीन कार्लन या अर्थशास्त्रज्ञांबरोबर काही केंद्रांतली एकमेकांची जबाबदारी काढून टाकली. आठवड्याची बैठक तशीच ठेवली, हप्ताही सगळ्यांसमोरच घेतला. फक्त दुसऱ्याचं भरायची अट गेली. तीन वर्षं पाहिलं, थकबाकी वाढली नाही.

ग्रामीण बँकेनेही 2001-02 च्या सुमाराला आपली पद्धत बदलली. गट राहिले, केंद्र राहिलं, पण एकीच्या थकबाकीसाठी दुसरीने भरायचं नाही हे स्पष्ट केलं. अडचणीत आलेल्या बाईचा हप्ता लहान करून मुदत वाढवून द्यायची सोय केली.

यावरून दिसतं की गटाची अर्धीअधिक ताकद सक्तीत नाही, नेमाने भेटण्यात आहे. दर आठवड्याला भेटल्याने हप्ता लहान राहतो, अडचण लवकर दिसते, आणि पुढच्या कर्जाची आशा कायम राहते.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण विचारतील, हे सगळं व्याजावरचं आहे, त्याचं काय? तो प्रश्न ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावा. आम्ही इथे एवढंच सांगतो की गटाची जामिनकी आणि व्याज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाकिस्तानातली अखुवत ही संस्था 2001 पासून बिनव्याजी कर्जं देते, मशिदींमध्ये बसून वाटप करते, आणि तिनेही गट आणि जामीन या दोन्ही गोष्टी वापरल्या आहेत. जामिनकीची कल्पना आपल्याला परकी नाही. मराठीतला 'जामीन' आणि उर्दूतला 'ज़ामिन' एकच शब्द आहे, आणि फिकहमध्ये कफालत म्हणून त्याचा स्वतंत्र विचार आहे. जो कफील झाला त्याच्यावर खरी जबाबदारी येते. म्हणूनच ती न वाचता घ्यायची गोष्ट नाही.

सही करण्याआधी

आधी गटातल्या चौघींकडे पाहा. तिच्या घरात कोण कमावतं, तिच्यावर आणखी कोणाचं कर्ज आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत नसेल तर त्या गटात बसू नका, मग एजंट कितीही घाई करो. "पैसे माझ्या नावावर घे, हप्ता मी भरते" असं कोणी मैत्रिणीने किंवा नातेवाइकाने म्हटलं तर गोड बोलून नाही म्हणा. गट बुडण्याची ही फार नेहमीची वाट आहे. पाच नावांची रक्कम एकीच्याच हातात गेली, की उरलेल्या चौघी लक्ष ठेवणाऱ्या राहत नाहीत, फक्त कागदावरच्या कर्जदार होतात.

मग कागद पाहा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे ज्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे, त्याला दिलेलं बिनतारण कर्ज सूक्ष्म कर्ज धरलं जातं. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. घरात महिन्याला अठरा हजार येत असतील तर सगळे हप्ते मिळून नऊ हजारांच्या आत. उत्पन्न फुगवून लिहायला कोणी सांगितलं तर ते तुमच्या भल्यासाठी नाही. व्याज आणि इतर खर्च दाखवणारा एक तक्ता आणि लोन कार्ड तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवं. विमा किंवा कसली वस्तू गळ्यात मारता येत नाही, तुमची संमती लागते. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

वसुलीचेही नियम आहेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर वसुलीसाठी येता किंवा फोन करता येत नाही. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी व्हायची. बाई तिथे लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा आली नाही, तरच घरी जाता येतं. धमकी, शिवीगाळ, कर्जदाराच्या नातेवाइकांना किंवा सोबत काम करणाऱ्यांना त्रास देणं, याला मनाई आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. मुलांपैकी कोणी आठवी-नववीत असेल तर तो हे भरून देऊ शकतो. आमच्या वर्गातल्या मुलांनी दिलं आहे.

गटाने आपसातही एक ठरवून ठेवावं. कोणाचा हप्ता अडला तर किती आठवडे बाकीच्यांनी भरायचं, ती ते कसं परत करणार, आणि कुठे थांबायचं. दर आठवड्याला प्रत्येकीने दहा-वीस रुपये बाजूला टाकले तर कोंबड्या मरण्यासारखं संकट त्यातूनच निभावतं. आणि सगळ्यांचंच बसलं असेल, तर एकमेकींच्या दारात जाऊन भांडण्यापेक्षा पाचही जणींनी मिळून कंपनीकडे हप्ता कमी करून मुदत वाढवून मागावी.

त्या आईंना आम्ही नंतर बोलावून घेतलं. सांगितलं की सही केली आहे, तेव्हा गट म्हणून जबाबदारी तुम्ही घेतलेली आहे. पण पैसे भरेपर्यंत दोन तास अडकवून ठेवण्याचा हक्क कोणालाही नाही. त्यांनी विचारलं, "मग आता काय करू?" आम्ही विचारलं, ती बाई का आली नव्हती? त्यांना माहीत नव्हतं. चौघींपैकी कोणीच जाऊन पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्या गेल्या. नवऱ्याला टायफॉइड होऊन तो दवाखान्यात होता. पुढच्या बैठकीला चौघी मिळून बोलल्या, तीन आठवडे तिचा हप्ता वाटून भरायचं ठरलं आणि ते वहीत लिहिलं. कंपनीच्या माणसालाही त्यांनी सांगितलं की यापुढे कोणी कोणाला बसवून ठेवायचं नाही.

हप्ता त्यांनी शेजारणीचाच भरला. पण या वेळी कशासाठी भरतोय हे त्यांना माहीत होतं, आणि किती दिवस भरायचा तेही.